साठ अंशांचा तिसरा भाग

आमच्या सरांनी नुसत्या पट्टी-कंपासनं कोनाचे तीन समान भाग करायची रीत शोधून काढली, ही गोष्ट मला सरांनी सांगितली नाही. ती मला पेपरातून कळली. धाराशिवच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूमच्या टेबलावर स्थानिक पेपर पडलेला असतो, त्यात आतल्या पानावर सरांचा फोटो होता. हातात कंपास, मागे फळा. खाली लिहिलं होतं की जगातल्या गणितज्ञांना जे जमलं नाही ते सास्तूरच्या निवृत्त शिक्षकानं केलं.

फोटो पाहून पहिल्यांदा जे वाटलं ते हे नव्हतं की बातमी चुकीची आहे. सरांनी हे मला का सांगितलं नाही, असं वाटलं.

हे सर म्हणजे मला आठवी ते दहावी गणित शिकवलेले. मी सास्तूरची. आमच्या वस्तीतल्या मुली दहावीनंतर घरी बसत किंवा शेतात जात. सरांनी माझ्या वडलांना गाठून, त्यांच्याजवळ पारावर बसून, मला सायन्सला घालायला लावलं. मी गणितात एम. एस्सी. झाले, सेट पास झाले, कॉलेजात लागले, तेव्हा पेढे घेऊन पहिल्यांदा सरांच्याच घरी गेले. ते निवृत्त झाल्यावर महिन्यातून एकदा तरी एस.टी.नं धाराशिवला येत. पेन्शनचं किंवा दवाखान्याचं काम उरकलं की आमच्या विभागात येऊन माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसत. ती खुर्ची मी दुसऱ्या कुणाला फारशी देत नसे. सहकारी चेष्टेनं तिला सरांची गादी म्हणत, आणि ते मला आवडायचं.

बातमी आली त्याच आठवड्यात सर आले. बगलेत ड्रॉइंग पेपरची गुंडाळी होती. चेहरा असा उजळलेला की मला रागावताच येईना.

"तुला आधी सांगणार हुतो," ते म्हणाले. "पण म्हणलं, पक्कं झाल्यावरच सांगावं. तू लई चुका काढतीस."

गावातल्या शिक्षक मंडळींनी त्यांचा सत्कार ठरवला होता. शाळेच्या आवारात मांडव, तालुक्यातले पाहुणे, शाल, श्रीफळ. आणि सरांची इच्छा अशी की त्या दिवशी मी स्टेजवर उभं राहून दोन शब्द बोलावेत: मी गणिताची प्राध्यापक, मी ही रीत तपासली, ती बरोबर आहे.

त्यांनी कागद पसरला. पट्टीवर आकडे नसावेत म्हणून त्यांनी पाटीची लाकडी चौकट सोडवून आणली होती, तिची एक सरळ पट्टी. कंपास जुना, पितळी. त्यांनी साठ अंशांचा कोन काढला, कंपासनं त्याचे दोन भाग केले, मग एका भागाचे पुन्हा दोन. पंधरा अंशांचा छोटा कोन झाला. इथपर्यंत सगळं बरोबर, कुठलाही कोन कंपासनं दुभागता येतोच. मग शेजारच्या पंधरा अंशांच्या कंसाची दोन टोकं त्यांनी सरळ रेषेनं जोडली, त्या रेषेचे समांतर रेषा काढून तीन समान भाग केले आणि पहिल्या बिंदूतून कोनाच्या शिरोबिंदूपर्यंत रेघ ओढली. पंधरा अधिक पाच, वीस. साठचा तिसरा भाग. कोनमापक ठेवला तर रेघ बरोबर वीसवर.

चूक मला लगेच दिसली. रेषेचे तीन समान भाग होतात, पण त्यामुळे तिच्यावरच्या कंसाचे तीन समान भाग होत नाहीत. कंस वाकलेला असतो, मधला भाग थोडा जास्त कोन घेतो, कडेचे थोडा कमी. कोन लहान असला की फरक इतका बारीक होतो की पेन्सिलीच्या रेघेत लपून जातो. सरांनी पंधरा अंशांपर्यंत खाली येऊन तो फरक लपवला होता, आणि त्यांना स्वतःलाच ते कळलं नव्हतं.

"सर, हे जवळजवळ आहे," मी म्हणाले. "अचूक नाही. आणि अचूक होणारच नाही. तसं सिद्ध झालेलं आहे."

"कुणी केलंय सिद्ध?"

मी सांगायला लागले. त्रिघाती समीकरण, त्याची मुळं, क्षेत्रविस्तार, विस्ताराची मिती दोनचा घात असावी लागते आणि इथं ती तीन येते. एम. एस्सी.च्या मुलांना मी हे दरवर्षी शिकवते. सर ऐकत होते, पण त्यांची नजर त्यांच्या कागदावर होती. मी थांबले तेव्हा ते म्हणाले, "तू मला पुस्तक वाचून दाखवतीस. म्या पुस्तक इचारलं न्हाय. म्या इचारलं, का हुत न्हाय."

मी पुन्हा सांगितलं, अजून सावकाश. सरांनी कागद गुंडाळायला घेतला. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते लपवण्यासाठी ते गुंडाळी फार नीट करत होते.

तेव्हा पलीकडच्या टेबलावरून आमची नवी मॅडम उठली. ती त्याच वर्षी आमच्याकडे लागली होती, उमरग्याकडची, पुण्यात पीएच. डी. करून आलेली. माझ्यापेक्षा बरीच लहान. मुलांमध्ये दोनच महिन्यांत तिचं नाव झालं होतं. माझ्या तासाला शेवटच्या बाकांवर झोपणारी मुलं तिच्या तासाला पुढं बसतात, हे मी दारातून जाताना पाहिलं होतं. मला ती आवडत नसे असं नाही. ती आली की मी थोडी ताठ होऊन बसायची, एवढंच.

"सर, मला एकदा काढून दाखवता का?" ती म्हणाली.

सरांनी कागद परत पसरला. ते काढत होते, ती वाकून बघत होती, मधूनच विचारत होती, की इथं दुभाजक दोनदाच का घेतला, तीनदा घेतला तर काय होईल. सर उत्साहानं सांगू लागले. शेवटी ती म्हणाली, "फारच जवळ येतं हो हे. किती जवळ ते आपण मोठ्यावर काढून बघू या का? कागद लहान पडतो."

मला राग आला. चूक आहे हे तिलाही दिसलं होतं, माझ्याइतकंच. मी तोंडावर सांगितलं म्हणून मी वाईट, आणि ती 'बघू या' म्हणाली म्हणून सर तिच्याकडं असे बघत होते जसे पूर्वी माझ्याकडं बघायचे, मी फळ्यावर गणित बरोबर सोडवलं की.

पुढच्या शनिवारी सर मुद्दाम आले. कॉलेजच्या मागं व्हॉलीबॉलचं मैदान आहे, तिथं आम्ही तिघं गेलो. तिनं एक खिळा, बांधकामाची तार आणि फक्की आणली होती, मैदानावर पट्टे मारतात ती पांढरी पूड. दोरी ताणली जाते म्हणून तार, असं ती म्हणाली. खिळा ठोकून, तार पाच मीटर धरून तिनं मोठं अर्धवर्तुळ काढलं. फक्कीचा पट्टा जाड होतो, म्हणून नेमक्या जागी ती जमिनीत दाभण टोचून खूण करायची.

"सर, सरळ कोन घेऊ. एकशे ऐंशी अंश. याचा तिसरा भाग साठ. आणि साठ तर कंपासनं अचूक निघतो, ते तुम्हीच मुलांना शिकवलंय."

सरांनी मान डोलावली. वर्तुळाची जी त्रिज्या तीच तार वर्तुळावर टेकवली की साठ अंश, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. तिनं अर्धवर्तुळाच्या एका टोकाला तार धरली, दुसरं टोक वर्तुळावर जिथं टेकलं तिथं दाभण टोचलं. "हे खरं साठ."

"आता तुमच्या रीतीनं," ती म्हणाली आणि तार सरांच्या हातात दिली.

सरांनी स्वतः केलं. अर्धा कोन, मग त्याचा अर्धा. पंचेचाळीस आणि नव्वद यांच्यामधल्या कंसाची टोकं त्यांनी तारेनं जोडली. त्या रेषेचे तीन भाग टेपनं मोजून केले. पहिल्या खुणेवरून खिळ्यापासून तार ताणून त्यांनी वर्तुळावर दाभण टोचलं. मग ते खाली बसले. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, तरी बसले.

दोन भोकं होती. त्यांच्यामध्ये दोन बोटं बसत होती.

सरांनी खरोखर दोन बोटं ठेवून पाहिली. मग सगळं पुन्हा केलं, आधीपासून. पुन्हा दोन बोटं. मी उन्हात उभी होते आणि मला वाटत होतं की आता हे माझ्याकडं बघतील, म्हणतील तू बरोबर होतीस. ते तिला म्हणाले, "आणखी बारीक भाग केले तर? आठ, सोळा?"

"फरक कमी होईल. शून्य होणार नाही."

"मग शून्य हुणारी रीत दुसरं कुणी तरी काढंल."

"नाही निघणार, सर."

"ह्ये कशावरनं?"

"ते मी सांगू शकते," ती म्हणाली. "पण तुम्हाला काही दुपारी इथं यावं लागेल. आणि मी सांगेन ते तुम्ही खोडून काढायचा प्रयत्न करायचा. नाही तर मजा नाही."

मी सरांना एस.टी. स्टँडवर सोडायला रिक्षानं गेले. लोहाऱ्याची गाडी लागली, तेव्हा पायरीवर पाय ठेवून त्यांनी विचारलं, "ती उमरग्याची म्हणजे घरी कन्नड बोलत असंल?"

सरांच्या घरी कन्नड बोलतात. त्यांच्या आईचं माहेर सीमेपलीकडचं. मला एवढ्या वर्षांत कन्नड आलं नाही, कधी गरजच वाटली नव्हती.

पुढच्या वेळी सर विभागात आले आणि सरळ तिच्या टेबलाजवळ जाऊन बसले. माझ्यासमोरची खुर्ची त्यांनीच उचलून तिकडं नेली. मला म्हणाले, "तुझं काम चालू दे." मी पेपर तपासायला घेतले. माझी पाठ त्यांच्याकडं होती आणि माझे कान पूर्ण त्यांच्याकडं. त्या महिन्यात मी मुलांना जे मार्क दिले ते किती बरोबर होते, कुणास ठाऊक.

तिनं सुरुवात अशी केली की मला हसू आलं. ती म्हणाली, पट्टी आणि कंपास यांना काय काय येतं, याची आपण हजेरी घेऊ. पट्टी रेघ ओढते. दोन रेघा एकमेकींना छेदतात, नवा बिंदू मिळतो. त्यातून जी लांबी मिळते ती जुन्या लांब्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करूनच मिळते, त्यापलीकडं काही नाही. कंपास वर्तुळ काढतो. वर्तुळाला रेघ छेदते किंवा दुसरं वर्तुळ छेदतं. तिथं एक नवीन गोष्ट येते, वर्गमूळ. एक एकक बाजूचा चौरस, त्याचा कर्ण दोनचं वर्गमूळ. बस्स. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, वर्गमूळ. कितीही गुंतागुंतीची आकृती काढा, हजार वर्तुळं काढा, हातात येणारी प्रत्येक लांबी एकापासून निघून याच पाच गोष्टींनी तयार होते.

"आणि पट्टीवर दोन खुणा केल्या तर?" सरांनी विचारलं. "म्या ऐकलंय, तशी रीत हाय."

"आहे. खुणांची पट्टी सरकवत नेली तर कोनाचे अचूक तीन भाग होतात. पण मग ती पट्टी राहत नाही, मापाचं हत्यार होतं. आपला नियम बिनखुणांच्या पट्टीचा आहे. प्रश्न त्या नियमाचा आहे, कोनाचा नाही. कोनाला तिसरा भाग असतोच."

सर हसले. कितीतरी दिवसांनी मी त्यांना असं हसताना ऐकलं, आणि ते मला ऐकावंसं वाटेना.

पुढच्या दुपारी तिनं एका इमारतीचं उदाहरण घेतलं. तळमजल्यावर पूर्णांक आणि अपूर्णांक राहतात, ती म्हणाली. एक वर्गमूळ घेतलं की एक मजला चढलो. त्या मजल्यावरच्या संख्या अशा दिसतात: खालची एक संख्या, अधिक खालची दुसरी संख्या गुणिले ते वर्गमूळ. पुन्हा वर्गमूळ घेतलं, पुन्हा एक मजला. पट्टी आणि कंपास म्हणजे हा जिना. तो कितीही उंच जातो, पण एका वेळी एकच वर्गमूळ.

आता साठचा तिसरा भाग काढायचा म्हणजे काय? वीस अंशांचा कोसाइन एवढी लांबी काढता आली पाहिजे. ती आली की कोन आला, कोन आला की ती आली. त्या लांबीची दुप्पट घेऊ, तिला क्ष म्हणू. शाळेतलं तिप्पट कोनाचं सूत्र लावलं की क्षचा घन, वजा तीन क्ष, वजा एक, बरोबर शून्य. सरांनी ते स्वतः कागदावर करून पाहिलं. बरोबर आलं.

"म्हणजे आपला क्ष या समीकरणाचं मूळ आहे," ती म्हणाली. "आता प्रश्न इतकाच की याचं एक तरी मूळ आपल्या इमारतीत कुठल्या तरी मजल्यावर राहतं का."

आधी तळमजला तपासला. घनाचा सहगुणक एक आणि शेवटचा आकडा वजा एक, म्हणून तळमजल्यावरचं मूळ असेल तर ते अधिक एक किंवा वजा एकच असू शकतं. अधिक एक घातलं तर वजा तीन उरतात. वजा एक घातलं तर एक उरतो. शून्य कुठंच नाही. तळमजल्यावर कुणी नाही.

"मग वरच्या मजल्यावर असंल," सर म्हणाले.

"असेल असं धरू. एखादं मूळ वरच्या मजल्यावर सापडलं. ते अ अधिक ब गुणिले वर्गमूळ, असं दिसतं. तर त्याचा जोडीदार, अ वजा ब गुणिले वर्गमूळ, तोही याच समीकरणाचं मूळ असतो. झाली दोन मुळं. घन आहे म्हणजे मुळं तीन. आणि आपल्या समीकरणात क्षचा वर्ग नाही, म्हणून तिन्ही मुळांची बेरीज शून्य. पहिल्या दोघांची बेरीज किती?"

"दोन अ. वर्गमूळ कटतं."

"मग तिसरं?"

"वजा दोन अ." सर थांबले. "त्यात वर्गमूळच न्हाय."

"म्हणजे ते एक मजला खाली राहतं."

सर कन्नडमध्ये काही तरी बोलले, तीही कन्नडमध्ये बोलली, आणि दोघं जोरात हसले. मी मागं वळून पाहिलं नाही. शेवटी सर म्हणाले, "तिळीतु." तो शब्द मी लक्षात ठेवला. घरी जाताना ऑफिसातल्या शिपायाला विचारला, तो नळदुर्गकडचा आहे, त्याला कन्नड येतं. "समजलं, असं हाय ते मॅडम," तो म्हणाला.

समजलं. मी सरांना हेच सांगत होते ना? माझ्या तोंडून निघाल्यावर ते पुस्तक होतं. तिच्या तोंडून निघाल्यावर ते समजलं. त्या संध्याकाळी मी घरी पोळ्या लाटताना हेच मनात घोळवत होते आणि दोन पोळ्या जाळल्या.

पण सर तेवढ्यावर सोडणारे नव्हते. पुढच्या दुपारी ते आले ते प्रश्न घेऊनच. जोडीदार येणारच, हे कशावरून? एक मूळ आहे म्हणून दुसरं असलंच पाहिजे, असा कायदा कुठला?

मॅडमनं सांगायचा प्रयत्न केला. समरूपता, चिन्ह बदललं तरी नियम बदलत नाहीत, वगैरे. सर मान हलवत राहिले. तिनं दुसऱ्या रीतीनं सांगितलं. "हे मी तुझ्या शब्दावर मानू का?" सर म्हणाले. तिचा चेहरा पहिल्यांदाच गोंधळलेला मी पाहिला, आणि मला जे झालं त्याला आनंदच म्हणावं लागेल. मी पेन ठेवलं.

"सर," मी जागेवरूनच म्हणाले, "अ अधिक ब वर्गमूळ ही संख्या समीकरणात घाला आणि सगळं सोडवा. वर्गमूळाचा वर्ग खालच्या मजल्यावरचा, म्हणून शेवटी दोनच ढीग उरतात. एक ढीग बिनवर्गमुळाचा, दुसरा वर्गमुळाचा. प अधिक फ गुणिले वर्गमूळ, बरोबर शून्य. आता फ शून्य नसेल, तर वर्गमूळ म्हणजे वजा प भागिले फ. म्हणजे ते वर्गमूळ खालच्याच मजल्यावर मिळालं असतं. मग हा मजला बांधलाच कशाला? म्हणून फ शून्य. मग प सुद्धा शून्य. आणि जोडीदार घातला तर काय येतं? प वजा फ गुणिले वर्गमूळ. तेही शून्य."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कागद ओढला, प आणि फ वेगळे काढले, ब जिथं जिथं येतो तिथं चिन्ह बदलून पाहिलं. बराच वेळ लागला. सगळं जुळलं.

"ह्ये तू मला आधी का न्हाय सांगितलंस?" ते म्हणाले.

मी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी, याच खोलीत, यालाच मी दुसऱ्या नावानं हाक मारली होती. सर खुर्ची वळवून पुन्हा तिच्याकडं वळले आणि म्हणाले, "म्हणजे अव्वा, तिसरं मूळ खाली आलं. त्यात पण वर्गमूळ असलं तर त्याचा पण जोडीदार, आणि मग जे उरंल ते आणखी खाली. असं करत करत तळमजल्यावर यावंच लागंल."

"आणि तळमजल्यावर कुणी नाही," ती म्हणाली.

"म्हणजे मुळात कुणी वर नव्हतंच." सरांनी कंपास मिटला. "साठचा तिसरा भाग ह्या जिन्यावर बसतच न्हाय. नव्वदचा बसतो, एकशे ऐंशीचा बसतो. पण सगळ्या कोनांना चालंल अशी रीत म्हणायची तर साठलाही चालली पाहिजे."

तिनं मान हलवली. तिला ते 'अव्वा' म्हणाले होते. कन्नडमध्ये लेकीबाळींना मायेनं असं म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. मला ते अजूनही नावानंच हाक मारतात.

सत्काराचा दिवस बदलला नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या. सर म्हणाले, कार्यक्रम होऊ द्या, मला बोलायचंय. सास्तूरला शाळेच्या आवारात मांडव पडला. भूकंपानंतर वसवलेल्या गावातले सरळ रस्ते सगळे त्या आवाराकडं येतात, त्यामुळे गर्दी लवकर जमली. मी आणि मॅडम एकाच गाडीनं गेलो. गाडीत ती मला म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी प आणि फ तुम्ही सांगितलं नसतं तर मी अडकले होते." मी म्हणाले, काही विशेष नाही. खिडकीबाहेर सोयाबीन काढलेली रानं होती, मी ती बघत राहिले. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "मला शाळेत असे सर नव्हते. आमच्या शाळेत गणिताला कुणी थांबतच नसे."

पाहुण्यांची भाषणं झाली. जगाला मार्ग दाखवणारे सुपुत्र वगैरे. मग सर उभे राहिले आणि म्हणाले की माझी रीत चुकीची आहे. संयोजक खुर्चीवरून अर्धे उठले. सर थांबले नाहीत. दोन बोटांचा फरक सांगितला. मग म्हणाले की ही रीत कुणालाच निघणार नाही, आणि का निघणार नाही ते मी आता तुम्हाला सांगतो. मागं फळा होताच. त्यांनी इमारत काढली, मजले काढले, जिना काढला. मागच्या रांगेतले लोक उठून चहाकडं गेले. पुढं मात्र शाळेचे शिक्षक आणि दहावीच्या मुली होत्या, त्या बसून होत्या. वजा दोन अ आलं, तेव्हा एक मुलगी स्वतःशीच "खाली गेलं" म्हणाली, आणि सरांनी तिला उभं करून ते मोठ्यानं म्हणायला लावलं.

सर फार छान शिकवत होते. मी तेरा-चौदा वर्षांची असताना ऐकलेला आवाज तो.

शेवटी त्यांनी शाल खांद्यावरून काढली. "ही माझी न्हाय," ते म्हणाले. "मला ज्यांनी समजावलं त्यांची हाय." आणि मॅडमला वर बोलावलं. ती नाही नाही म्हणत होती, माझ्याकडं बघत होती. सरांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. मग माइकवर म्हणाले, "आणि माझी विद्यार्थिनी पण आलीय, धाराशिवला प्राध्यापक हाय. तिनं पण मदत केली."

पण. मदत. मी दुसऱ्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, त्या स्टेजवरच्या मॅडम तुमच्याच कॉलेजच्या का? मी म्हणाले, हो, आमच्याच.

त्यानंतर मॅडमची आणि माझी गट्टी जमली, असं मी सांगणार नाही. आम्ही एकमेकींशी नीट वागतो. तिच्या तासाला अजून पुढचे बाक भरतात. मी माझ्या तासाला क्षेत्रविस्तार सांगायच्या आधी आता इमारत काढते, आणि काढताना दर वेळी आठवतं की ती माझी नाही. मुलं मात्र जागी राहतात.

गेल्या महिन्यात एका दुपारी सरांचा फोन आला. सात बाजूंची नियमित आकृती कंपासनं निघत नाही, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. ते का, हे त्यांना हवं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तोवर ते म्हणाले, "मॅडमचा नंबर दे. माझ्या नव्या फोनात न्हाय."

मी नंबर दिला. एकेक आकडा सांगितला. फोन ठेवला आणि तिथंच, हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानावर, सात बाजूंचं समीकरण मांडलं. तेही घनाचंच निघतं. तळमजल्यावर त्याचंही कुणी नाही. फक्त इथं क्षचा वर्ग आहे, म्हणून तिन्ही मुळांची बेरीज शून्य नाही, वजा एक येते. बाकी तोच जिना, तोच जोडीदार, आणि तिसरं मूळ तसंच खाली उतरतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळच्या गाडीनं मी सास्तूरला गेले. घरी सांगितलं की सरांची तब्येत बघायला जाते. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते, हातात फोन होता.

"ती उचलंना," ते म्हणाले. "सुट्टी हाय, कुठं गेली असंल."

"असेल," मी म्हणाले. शेजारची खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, पर्समधून कागद काढला आणि वर्तुळ काढायला त्यांचा कंपास मागितला.